निळी टिक आली, उत्तर नाही: शेवटचा मेसेज टाकावा का?

प्रश्न: वय २९, मिहानमध्ये नोकरी. ॲपवर ओळख झाली आणि तीन आठवड्यांत आम्ही चारदा भेटलो. शेवटच्या रविवारी फुटाळ्यावर दोन तास बसलो होतो, सोमवारी तिनेच "शनिवारी नक्की" लिहिलं. मंगळवारी मी "शनिवारी किती वाजता?" विचारलं, निळी टिक आली, उत्तर नाही. शुक्रवारी "सगळं ठीक ना?" टाकलं, तेही वाचलं गेलं. रविवारी एक फोन केला, उचलला नाही. आता बारा दिवस झाले. तिचे स्टेटस मात्र दिसून राहिले. एक शेवटचा मेसेज लिहून ठेवला आहे: "हाय, तू बिझी असशील म्हणून थांबलो होतो. माझं काही चुकलं असेल तर सॉरी, निदान तेवढं तरी सांग. मी कोणाशी असं वागलो नसतो. तुला बोलायचं नसेल तर ठीक आहे, पण प्लीज एकदा रिप्लाय कर. वाट बघतोय." पाठवू का? डोकं काम नाही करून राहिलं.

उत्तर: हा मेसेज पाठवू नका. दुसरा, याच्याहून लहान मेसेज पाठवता येईल, पण आज रविवारी रात्री नाही.

आधी हे उशिराचं प्रकरण आहे की गायब होण्याचं, ते पाहू. त्यासाठी "लोक साधारण किती दिवसांत उत्तर देतात" हा हिशेब कामाचा नाही. काही माणसं मुळातच दोन-दोन दिवस फोनकडे बघत नाहीत. माप त्या व्यक्तीचंच घ्यायचं. चॅट वर सरकवा आणि पहिल्या तीन आठवड्यांत तिच्या उत्तराला सगळ्यात जास्त किती वेळ लागला होता ते शोधा. समजा तो एक दिवस निघाला. आता बारा दिवस झाले आहेत, मध्ये दोन थेट प्रश्न वाचले गेले आहेत आणि ठरलेला शनिवार न बोलता निघून गेला आहे. या तीन गोष्टींपैकी शनिवार सगळ्यात बोलका. मेसेजचं उत्तर द्यायचं माणूस विसरू शकतो, पण स्वतःच "नक्की" म्हटलेला दिवस उलटल्यावर "अरे, राहून गेलं" एवढंही लिहिलं नाही तर तो विसर नसतो.

"तिला काही झालं तर नसेल?" ही शंका खरी काळजी असू शकते, आणि पुष्कळदा पुन्हा मेसेज करण्याचं सोयीचं निमित्तही असते. तुमच्या बाबतीत तिचे स्टेटस येत आहेत, म्हणजे ती फोन वापरते आहे. तो प्रश्न इथेच मिटला. एखाद्याचे स्टेटसही एकदम थांबले असते आणि मेसेजवर एकच टिक राहिली असती, तर एखाद्या सामायिक मित्राला एकदा "ती बरी आहे ना?" एवढंच विचारणं रास्त ठरलं असतं. त्यापुढे "माझ्याबद्दल काही बोलली का?" हे नाही.

टिकांचं वाचन करताना एक सावधगिरी. एक टिक म्हणजे ब्लॉक, असं सरळ समीकरण नसतं. फोन बंद असला किंवा नेट नसलं तरी एकच टिक राहते. एक टिक बरेच दिवस राहिली, प्रोफाइल फोटो आणि शेवटचं ऑनलाइन दिसेनासं झालं, व्हॉट्सॲप कॉलही लागत नाही, असं सगळं जुळून आलं तर ब्लॉकची शक्यता वाढते. खात्री व्हॉट्सॲप मुद्दामच देत नाही. आणि तिने तुमचं स्टेटस पाहिलं याला तर काहीच अर्थ लावू नका. एकाचं स्टेटस संपलं की पुढच्याचं आपोआप सुरू होतं, त्यामुळे तुमचं नाव तिच्या बोटाखालून नुसतं सरकलेलं असू शकतं. "बोलत नाही, पण स्टेटस तर बघते" या एका वाक्यावर लोक महिना-महिना काढतात.

आता मेसेजचा निर्णय. मी तो भावनेवर सोडत नाही, दोन मोजणींवर ठेवतो. पहिली मोजणी: उत्तर न आलेले तुमचे थेट प्रश्न किती? दुसरी: प्रत्यक्ष भेटी किती?

एक-दोन भेटी झाल्या असतील तर शेवटच्या मेसेजची गरज नसते. तेवढ्या ओळखीत न बोलणं हेच उत्तर समजलं जातं. ते सभ्य नाही, पण चालीत आहे. तीन किंवा जास्त भेटी झाल्या, पुढचा दिवस ठरला होता आणि तुमचा एकही थेट प्रश्न अनुत्तरित नाही, नुसत्या गप्पा विरत गेल्या, तर आधी एक साधा प्रश्न विचारायचा: "या आठवड्यात भेटायचं का?" अनेक जण ही पायरी गाळून थेट निरोपाचा मेसेज लिहितात आणि समोरचा चक्रावतो, कारण त्याच्या लेखी काही संपलेलंच नसतं.

तुमची स्थिती तिसरी आहे. चार भेटी, दोन प्रश्न आणि एक फोन, सगळं अनुत्तरित. इथे प्रश्नांचा कोटा संपला. तिसरा प्रश्न विचारायचा नाही, तो कितीही नम्र असला तरी. प्रश्न नसलेला, बंद करणारा एक मेसेज मात्र चालतो, आणि तो एकदाच. तो तुमच्यासाठी असतो. रोज सकाळी "आज लिहू की उद्या" हा जो व्यवहार डोक्यात उघडा पडला आहे, तो त्याने बंद होतो. तिच्याकडून काही येईल या हिशेबाने लिहिलात तर मात्र तो आणखी एक प्रश्नच ठरतो, शेवटी प्रश्नचिन्ह नसलं तरी.

काही वेळा हाही मेसेज पाठवायचा नसतो. ब्लॉक झाल्याचं दिसत असेल, तिने एखाद्या भेटीत "थोडं सावकाश घेऊया" असं किंवा त्या अर्थाचं काही म्हटलं असेल, दोघं एकाच ऑफिसात असाल, किंवा लिहिताना तुमचा जबडा आवळला जात असेल, तर नाही. आणि एका ठिकाणी दार बंद दिसलं म्हणून दुसऱ्या दाराने जायचं नाही: इन्स्टाग्राम, साधा एसएमएस, मैत्रिणीकडून निरोप, घराखाली चक्कर, काहीच नाही. स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही पुरुषाने पुन्हा-पुन्हा संपर्क साधत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे, पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तुमचा एक मेसेज त्यात बसत नाही, घाबरू नका. पण "एकदाच" हा शब्द मी इतका लावून का धरतो, त्यामागे हेही आहे.

आता तुम्ही लिहिलेला मेसेज समोर ठेवू. बहुतेक जण असाच लिहितात, म्हणून ओळ-ओळ बघण्यासारखा आहे.

"तू बिझी असशील म्हणून थांबलो होतो." इथे तुम्हीच तिच्या हातात सबब दिली. तिला अवघडल्यासारखं झालं तर ती लिहील, "हो रे, खूपच बिझी होते," आणि तुम्ही पुन्हा आशेला लागाल. त्या उत्तराने काहीच कळलेलं नसेल.

"माझं काही चुकलं असेल तर सॉरी, निदान तेवढं तरी सांग." काय चुकलं ते ठाऊक नसताना मागितलेली माफी ही माफी नसते, तो प्रगतिपुस्तकाचा अर्ज असतो. शिवाय कारण मागितलं की मिळतंच असं नाही, आणि मिळालं तर ते बहुधा गुळगुळीत असतं: "तू खूप चांगला आहेस, पण माझंच सध्या..." लोक खरं कारण सांगत नाहीत, कधी त्यांना स्वतःलाही ते शब्दांत धरता येत नाही. असल्या उत्तराने झोप परत येत नाही, त्याचाच कीस काढत आणखी आठवडा जातो.

"मी कोणाशी असं वागलो नसतो." हा टोमणा आहे. खरा असला तरी टोमणाच. वाचणारी व्यक्ती अपराधाने नरम पडत नाही, उलट गायब होण्याला तिला कारण सापडतं.

"बोलायचं नसेल तर ठीक आहे, पण प्लीज एकदा रिप्लाय कर." या वाक्याचे दोन तुकडे एकमेकांशी भांडतात. "पण" आला की आधीचं सगळं पुसलं जातं. निरोपाच्या मेसेजमध्ये "पण" दिसला की समजायचं, अजून मागणी शिल्लक आहे.

"वाट बघतोय." याने दार उघडं राहतं आणि त्या दारात उभे फक्त तुम्ही असता.

याऐवजी हे लिहा:

"हाय. आपल्या चार भेटी मला छान वाटल्या. इतके दिवस तुझ्याकडून काही आलं नाही, त्यावरून पुढे जायचं नाही असं मी समजतो. मीही इथेच थांबतो. तुला शुभेच्छा."

हा मेसेज कसा बांधला आहे ते लक्षात घ्या, म्हणजे तुमच्या शब्दांत बदलता येईल. पहिलं वाक्य जे चांगलं होतं ते मान्य करतं, कौतुकाचा पूर येऊ देत नाही. दुसरं जे घडलं तेवढंच सांगतं आणि त्याचा अर्थ तुम्ही काय लावला ते सांगतं. "तू असं केलंस" असा आरोप त्यात नाही. तिसऱ्या वाक्यात थांबणारे तुम्ही आहात, आणि हेच या मेसेजचं काम. "मीही" मधला "ही" काढू नका, त्याने भांडण न होता गोष्ट दोघांची होते. प्रश्नचिन्ह नाही, सॉरी नाही, "पण" नाही. पाच वाक्यांच्या वर गेलात तर मागणी कुठून तरी शिरलीच समजा.

तुम्ही दोघं ज्या भाषेत बोलत होतात त्याच भाषेत लिहा. इतके दिवस मराठीत चाललेलं असताना शेवटी एकदम इंग्रजीत गेलात की ते बँकेच्या पत्रासारखं वाचलं जातं. व्हॉइस नोट नको. आवाज कापतो, आणि ती नोट आपण नंतर स्वतःच दहा वेळा ऐकतो.

पाठवण्याआधी एक परीक्षा घ्या. मेसेज कागदावर लिहा आणि त्याखाली लिहा, "यावर कधीच उत्तर आलं नाही." दोन दिवस कागद तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ओळ वाचून पोटात खड्डा पडत असेल तर अजून पाठवायचं नाही, आणखी तीन-चार दिवस थांबायचं. नुसतं वाईट वाटलं तर चालेल. वाईट वाटणं आणि खड्डा पडणं यातला फरक तुम्हाला कळेल. एक महिना उलटूनही ती ओळ पचत नसेल तर मेसेजचा विचारच सोडा. तेव्हा तो फक्त जखमेची खपली काढतो.

वेळ कामाच्या दिवसाची दुपार, आणि लगेच पुढे दोन तास फोन हातात घेता येणार नाही असं काही असावं: मीटिंग, बॅडमिंटन, काहीही. रात्री अकरानंतर कधीही नाही. रात्रीचं उत्तर नसणं सकाळपर्यंत लांबतं आणि ते सात तास आपण जागे असतो. पाठवल्यावर चूक दिसली तर व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटं मजकूर दुरुस्त करता येतो, तेवढंच करा. मेसेज परत घेऊ नका. सगळ्यांसाठी डिलीट केलं की जागेवर तशी खूण राहते, आणि तिला एवढंच दिसतं की तुम्ही काहीतरी लिहून काढून टाकलंत. ते लिहिलेल्यापेक्षा वाईट.

पाठवला की चॅट अर्काइव्ह करा. Settings मध्ये Chats खाली Keep chats archived हे चालू असू द्या, म्हणजे उत्तर आलं तरी चॅट उसळून वर येणार नाही. तिचे स्टेटस म्यूट करा. तुमच्या स्टेटसच्या प्रायव्हसीत तिचं नाव वगळलेल्यांत टाका. ही शेवटची गोष्ट लोकांना पोरकट वाटते, पण तिचं कारण वेगळं आहे. नाही तर पुढचे पंधरा दिवस तुम्ही जो फोटो टाकाल तो तिने बघावा म्हणून टाकाल आणि दर तासाला बघणाऱ्यांची यादी उघडाल.

ही यादी आणि ते शेवटचं ऑनलाइन पुन्हा-पुन्हा का उघडावंसं वाटतं? बक्षीस दर वेळी मिळत असेल आणि मग बंद झालं, तर प्राणी लवकर सोडून देतो. कधी मिळतं, कधी नाही, असं असेल तर बंद झाल्यावरही तो बराच काळ दांडा दाबत राहतो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांतली ही गोष्ट इथे तंतोतंत लागू पडते. तिची उत्तरं शेवटच्या आठवड्यात अनियमित झाली असतील तर तुमचं बघणं वाढणारच. तो तुमच्या स्वभावाचा दोष नव्हे. त्यामुळे "आता अजिबात बघणार नाही" हे ठरवून फारसं टिकत नाही. आज किती वेळा पाहिलं ते कागदावर उभ्या रेघा मारून मोजा आणि रोज एक-दोन रेघा कमी करा. मोजायला लागलं की निम्म्या वेळा हात आपोआप थांबतो.

रात्री जे डोक्यात फिरतं, त्याला कागद लागतो. जेम्स पेनेबेकर आणि सॅन्ड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना ओळीने चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातलं लिहायला लावलं होतं. तेच माप वापरा: चार दिवस, पंधरा मिनिटं, मग वही बंद. त्या प्रयोगात लोकांना लिहिल्या-लिहिल्या वाईटच वाटलं होतं, तसं तुम्हालाही वाटेल. त्यात माझी एक भर. पान मधोमध दुमडा. डावीकडे जे घडलं ते, उजवीकडे तुम्ही त्यातून काढलेला अर्थ. डावीकडे येईल: "फुटाळ्यावर तिने दोनदा घड्याळ पाहिलं." उजवीकडे: "मी कंटाळवाणा आहे." मग डावीकडच्या त्याच वाक्यातून निघणारे आणखी दोन अर्थ उजवीकडे लिहायचे: घरी जायची वेळ ठरलेली होती, दुसऱ्या दिवशी सोमवार होता. खरा अर्थ कोणता हे कळणार नाही. पण एकाच अर्थाची जी पकड बसलेली असते ती सुटते, कारण डावी बाजू किती तोकडी आहे ते डोळ्यांना दिसतं. चार भेटींत माणूस तेवढंच कळलेलं असतं.

उत्तर आलं तर? ते तीन तऱ्हांचं असतं. स्पष्ट नकार आला तर "सांगितलंस ते बरं केलंस, काळजी घे" एवढं लिहून थांबा, कारण विचारू नका. "सॉरी रे, घरी खूप चाललं होतं" असं आलं आणि पुढे काही ठोस नसेल, तर एकच ओळ: "समजू शकतो. भेटायचं असेल तर दिवस आणि वेळ तू सांग." दिवस आला तर जा, आणि भेटल्यावर मधल्या शांततेबद्दल शांतपणे विचारा. दिवस आला नाही तर तो नकारच, पुन्हा काही लिहायचं नाही. तिसरी तऱ्हा म्हणजे नुसती बदामाची इमोजी किंवा महिन्याभराने तुमच्या एखाद्या फोटोला लाइक. त्याला उत्तर देऊ नका. बोलायचं असणारं माणूस शब्द वापरतं.

झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं राहिलं, कामात सतत चुका होऊ लागल्या, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार यायला लागले, तर हा विषय आता तिचा उरलेला नाही. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ वर दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येतं. शेवटच्या प्रकारचे विचार असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा.

आणि आपलं नागपूर. धरमपेठ, बर्डी, अंबाझरी, फुटाळा, आपल्या वयाची मंडळी फिरून-फिरून तिथेच भेटतात, तेव्हा ती कधीतरी समोर येणार. फुटाळा टाळत बसू नका. टाळलेली जागा मनात मोठी होत जाते. येत्या दोन आठवड्यांत एखाद्या मित्राला घेऊन तिथे जा, त्याच बाजूला बसा, भुट्टा खा आणि तिचा विषय न काढता परत या. पहिल्यांदा जड जाईल, तिसऱ्यांदा ती जागा पुन्हा नुसता तलाव होईल. ती समोर आलीच तर ओळखीचं हसा, "काय, कशी आहेस?" म्हणा, उत्तर ऐका आणि पाय न थांबवता पुढे चला. सोबतच्या मित्राला आधीच सांगून ठेवा की त्या वेळी त्याने कोपराने ढोसायचं नाही.